स्टॉलवरच्या गर्दीतून गिऱ्हाईक कसं ओळखायचं

डिसेंबरात मोशीला भरणाऱ्या किसान प्रदर्शनात पॉवर वीडरच्या स्टॉलवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी: किंमत विचारणारा प्रत्येक माणूस गिऱ्हाईक नसतो. किंमत सगळेच विचारतात. कृषी महाविद्यालयातली मुलं विचारतात, पिशवीत माहितीपत्रकं गोळा करत फिरणारे विचारतात, दुसऱ्या कंपनीची माणसंही विचारतात.

म्हणून मी किंमत सांगून लगेच विचारतो, "दादा, पीक कोणतं? दोन ओळींत अंतर किती?" ज्याला खरंच यंत्र घ्यायचंय तो क्षणात सांगतो, "ऊस आहे, साडेचार फुटी सरी." मग तोच उलट विचारतो, की भरणी नीट होईल का, एकराला डिझेल किती लागतं, पाती झिजली तर तालुक्याला मिळतील का. सुट्या भागांची चौकशी करणारा माणूस माझ्या दृष्टीने सर्वांत पक्का. नुसतं बघायला आलेला "सगळंच असतं आमच्याकडं" म्हणून पुढे सरकतो. त्याला हसतमुखाने पत्रक द्यावं, वहीत ओढू नये.

दुसरा प्रश्न पैशांचा, पण तो आडून विचारायचा: "महाडीबीटीवर अर्ज केलाय का?" अनुदानासाठी पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करायची असते आणि तीही मुदतीत. त्यामुळे पूर्वसंमती हातात असलेला शेतकरी याच महिन्यातलं गिऱ्हाईक. नुसता अर्ज केलेल्याला कोटेशन आणि यंत्राचा टेस्ट रिपोर्ट लागेल, म्हणजे त्याच्याशी संबंध टिकवायला कारण मिळतं. अर्जच न केलेला रोखीने घेईल का, हे मात्र स्पष्ट विचारावं.

नंबर लिहून घेताना समोरच मिस्ड कॉल द्या. एखादा आकडा चुकला की सगळी मेहनत वाया. गिऱ्हाईक किती पक्कं वाटतं त्याप्रमाणे नावापुढे अ, ब किंवा क आणि त्याचं एक वाक्य तिथल्या तिथे लिहा. संध्याकाळी चेहरे आठवत नाहीत.

इंदापूरकडच्या एका डाळिंबवाल्याची नोंद अशी होती: "३ एकर, १४ बाय १०, पूर्वसंमती नाही, उसाचं बिल आल्यावर रोख. उद्या भावाला आणतो." घरातल्या माणसाला घेऊन परत येणं ही मोठी खूण. भाऊ आला, त्याने हँडल धरून पाहिलं, तेव्हा 'ब'चा 'अ' केला.

प्रदर्शन संपल्यावर 'अ' यादीला दोन दिवसांत फोन करा, शक्यतो संध्याकाळी, धारा उरकल्यावर. सुरुवात कंपनीच्या नावाने न करता त्याच्याच वाक्याने करा: "भाऊ, कारखान्याचं बिल कधी निघतंय?" तारीख कळली की त्याच आठवड्यात त्याच्या बागेत प्रात्यक्षिक ठेवा. 'ब'ला त्याच्या पिकात चालणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ पाठवा. उलट प्रश्न आला तर वर चढवा. याद्या तालुक्यानुसार डीलरकडे देताना ते एक वाक्य सोबत जाऊ द्या, नाहीतर डीलर पुन्हा पहिल्यापासून "पीक कोणतं?" विचारतो आणि शेतकरी वैतागतो.