औषध संपलंय हे गिऱ्हाइकाला कसं सांगावं

चिठ्ठी हातात घ्या, कपाट आणि कॉम्प्युटर दोन्हीकडे बघा आणि संपलं असेल तर लगेच, स्पष्ट सांगा. लगोलग विचारा, "घरी किती गोळ्या उरल्यात?" हा प्रश्न विचारायचा राहिला, तर पुढची तारीख कितीही खरी असली तरी उपयोगाची नाही.

खरी अडचण तारखेची. दुकान सुरू केलं तेव्हा मी सगळ्यांना "उद्या येईल" म्हणायचो. थायरॉइडच्या गोळ्यांसाठी एका काकूंना तीन दिवस असंच परत पाठवलं. चौथ्या दिवशी कळलं, की मधले दोन दिवस त्यांनी गोळी घेतलीच नव्हती. तेव्हापासून स्टॉकिस्टला फोन केल्याशिवाय मी तारीख देत नाही.

फोनवर "कधी येईल?" विचारू नका, उत्तर "उद्या" असंच मिळतं. विचारा, "माल तुमच्या गोडाउनमध्ये आहे, की कंपनीच्या डेपोतून यायचाय?" गोडाउनमध्ये असेल तर संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. डेपोतून यायचा असेल तर बिल झालंय का, गाडी निघालीय का, हे विचारा. मधला रविवार मोजा आणि वर एक दिवस धरा. कंपनीकडेच शॉर्ट असेल तर तारीख देऊच नका, "कंपनीकडून येत नाहीये, कधी येईल ते त्यांनीही सांगितलेलं नाही" एवढंच सांगा. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, जाऊ द्या.

समजा गुरुवारी संध्याकाळी एका काकूंना थायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम हवंय आणि घरी ४ गोळ्या आहेत. रोज सकाळी एक, म्हणजे सोमवारपर्यंत पुरतील. स्टॉकिस्ट म्हणतो सोमवारी देतो, म्हणजे मी मंगळवार संध्याकाळ धरतो. मंगळवारची सकाळ कोरडी जाते, म्हणून आजच सोय करायला हवी.

आधी तीच कंपनी, तीच ताकद शेजारच्या दुकानात फोन करून बघा. मिळाली तर काकूंना तिकडेच पाठवा. नाहीच मिळाली तर डॉक्टरांना विचारा. त्याच कंपनीची ५० आणि २५ मिळून ७५ होते, पण तेही डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं. "घटक तोच आहे" म्हणत दुसरी कंपनी परस्पर हातात ठेवणं मला अजिबात मान्य नाही. चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरं द्यायला कायद्याचीही परवानगी नाही. शिवाय थायरॉक्सिनचा ब्रँड बदलला, की डॉक्टर पुन्हा टीएसएच तपासायला सांगू शकतात. फिटच्या औषधांबाबत तर याहून कडक राहा, तिथे खंड पडणं धोक्याचं असतं.

काकूंना मी असं सांगतो: "काकू, ही आत्ता नाहीये. मंगळवारी संध्याकाळी येईल, पण तुमच्या गोळ्या सोमवारीच संपतायत. चौकातल्या दुकानात आहे, मी बाजूला ठेवायला सांगितलंय, आजच घेऊन जा."

वाट बघायला तयार असतील तर नाव, नंबर आणि किती गोळ्या हव्यात ते वहीत लिहा. ठरलेल्या दिवशी दुपारी माल आला नसेल, तर त्या घरून निघायच्या आत फोन करा.