नोकरीत असताना सर्च फर्मला गोपनीय ईमेल कसा लिहावा

एक्झिक्युटिव्ह सर्च फर्म उमेदवारासाठी नोकरी शोधत नाही. ती कंपनीकडून फी घेते आणि कंपनीसाठी माणूस शोधते. त्यामुळे डायरेक्टर पातळीवर जाऊ पाहणाऱ्याने तिथे अर्ज करायचा नसतो, नोंद करून ठेवायची असते.

लिहिण्याआधी एक चौकशी करा: तुमची सध्याची कंपनी या फर्मची ग्राहक आहे का? अलीकडे तुमच्याकडे आलेले वरिष्ठ अधिकारी कोणामार्फत आले, ते आठवून पाहा. ग्राहक असेल, तर फर्म दुसरी निवडा. ग्राहक कंपनीतली माणसं ठरावीक काळ न उचलण्याचं बंधन फर्मवर सहसा असतं. शिवाय तिथला पार्टनर तुमच्याच सीईओंना भेटत असण्याची शक्यता असते.

मग तुमचं क्षेत्र सांभाळणारा पार्टनर शोधून थेट त्यालाच लिहा. फर्मच्या सामायिक पत्त्यावर पाठवलेला मेल किती जणांच्या नजरेखालून जाईल, यावर तुमचा ताबा राहत नाही. मेल खासगी खात्यावरून आणि स्वतःच्याच उपकरणावरून जाऊ द्या.

विषयात पद किंवा कंपनीचं नाव नको. "गोपनीय: सप्लाय चेन, वरिष्ठ पातळी" पुरे. मजकूर साधारण असा:

"नमस्कार. मी एका ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीत सप्लाय चेनचा प्रमुख आहे. चार कारखाने आणि सुमारे ३०० माणसं माझ्याकडे आहेत. मी सीओओंना रिपोर्ट करतो. पुढे खरेदी आणि वितरण दोन्हींची जबाबदारी असलेली डायरेक्टर पातळीची भूमिका हवी आहे. शहर बदलायची तयारी आहे, नोटीस तीन महिन्यांची आहे. माझ्या कंपनीला याची कल्पना नाही. प्रत्येक वेळी मला विचारल्याशिवाय माझं नाव किंवा सीव्ही कोणत्याही कंपनीकडे देऊ नये. संध्याकाळी सातनंतर खालील खासगी क्रमांकावर बोलता येईल."

यातलं "प्रत्येक वेळी" गाळू नका. नुसतं "गोपनीय ठेवा" म्हटलं की ज्याचा त्याचा अर्थ वेगळा होतो. शिवाय एका कंपनीसाठी दिलेला होकार पुढच्या कंपनीसाठीही गृहीत धरला जाऊ शकतो. जबाबदारीचा आवाका आकड्यांत जरूर सांगा, पण कंपनीने जाहीर न केलेली विक्री, नफा किंवा ग्राहकांची नावं लिहू नका. ती कंपनीची गुपितं आहेत, आणि ती फोडणाऱ्याकडे पुढचा मालकही संशयानेच पाहील.

कंपनीचं नाव झाकलेला सीव्हीसुद्धा घात करू शकतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर बनवलेल्या वर्ड फाइलच्या गुणधर्मांत कंपनीचं नाव राहिलेलं असू शकतं. `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथे ते तपासून काढून टाका आणि मगच पीडीएफ करा. फाइलच्या नावात "नवीन सीव्ही" किंवा पद नको.

उत्तर आलं नाही, तर बहुतेक वेळा तुमच्याजोगं काम सध्या त्यांच्या हातात नसतं. दर आठवड्याला आठवण करू नका. जबाबदारी वाढली किंवा नोटीसचा काळ बदलला की त्याच मेलच्या उत्तरात दोन ओळी लिहा, म्हणजे जुनी नोंद समोर येईल.