फ्लॅटची रजिस्ट्री झाली, आता सोसायटीच्या दप्तरात नाव कसं चढवायचं?

माझा आतेभाऊ कापसाचा शेतकरी आहे. पोरींच्या शाळेसाठी त्यानं गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या गावी दोन खोल्यांचा जुना फ्लॅट घेतला. दुय्यम निबंधक कार्यालयातून विक्रीपत्र हातात आलं आणि त्याला वाटलं, काम झालं. पण रजिस्ट्रीमुळे फ्लॅट आपल्या मालकीचा होतो, सोसायटीचे सभासद आपण आपोआप होत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. मी सहा वर्षं आमच्या लहानशा सोसायटीचा सचिव होतो. त्यामुळे त्याचे कागद मीच लावून दिले.

सर्वात आधी इमारत कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. आपल्या विदर्भात अनेक इमारती सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. तिथे सोसायटी सभासदाला देते तसं शेअर सर्टिफिकेट नसतं. डीड ऑफ अपार्टमेंटच्या आधारे असोसिएशनच्या नोंदवहीत नाव लागतं. विकणाऱ्याकडे शेअर सर्टिफिकेट असेल आणि त्यावर सहकार खात्याचा नोंदणी क्रमांक असेल, तर ती सहकारी सोसायटी. पुढची सगळी रीत तिच्यासाठी आहे.

पहिली पायरी विकणाऱ्याची आहे आणि ती व्यवहाराच्या आधीची आहे. फ्लॅट विकायचा आहे अशी १५ दिवसांची लेखी नोटीस त्यानं सोसायटीला द्यायची, सोबत घेणाऱ्याचं संमतिपत्र जोडायचं. सोसायटीची एनओसी घेतल्याशिवाय विक्रीच होत नाही असं गावोगाव सांगतात, पण आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सहकार खात्याच्या नमुना नियमांनुसार, हस्तांतरणासाठी एनओसी बंधनकारक नाही. आपल्या बँकेनं कर्जासाठी मागितली तर मात्र अर्ज करून घ्यावी.

रजिस्ट्रीनंतर दोघांचे कागद एकत्र करून एकच फाइल द्यावी. विकणाऱ्याकडून सभासदत्वाचा राजीनामा व शेअर हस्तांतरणाचा अर्ज, मूळ शेअर सर्टिफिकेट आणि देखभाल खर्चाची बाकी नसल्याची पावती लागते. त्याचं कर्ज असेल तर बँकेचं नाहरकत पत्रही लागतं. घेणाऱ्यानं सभासदत्वाचा अर्ज भरायचा. सोबत नोंदणीकृत विक्रीपत्राची प्रत, त्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स टू, आधार, पॅन व फोटो द्यायचे आणि फ्लॅट राहण्यासाठीच वापरीन, सोसायटीचं देणं चुकवीन अशी हमीपत्रं जोडायची. या अर्जांचे आणि हमीपत्रांचे नमुने आदर्श उपविधींच्या शेवटी परिशिष्टांत दिलेले आहेत. सोसायटीकडे पुस्तिका नसेल तर तालुक्याच्या सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात चौकशी करा.

यात सर्वात जास्त अडतं ते मूळ शेअर सर्टिफिकेटपाशी. आमच्या प्रकरणात विकणाऱ्याचं गृहकर्ज चार वर्षांपूर्वीच फिटलं होतं, पण सर्टिफिकेट बँकेतच पडून होतं आणि सोसायटीच्या वहीत बँकेचा बोजाही तसाच दिसत होता. रजिस्ट्रीच्या आधी मूळ सर्टिफिकेट डोळ्यांनी पाहा, झेरॉक्सवर भागवू नका. पैसे हातात पडल्यावर विकणारा बँकेत खेटे घालायला तयार होत नाही. हरवलंच असेल, तर पोलिसांत नोंद करून आणि नुकसानभरपाईचं बंधपत्र देऊन दुय्यम प्रत त्यानंच काढून द्यायला हवी. नावं दोन असतील तर दोन्ही विक्रीपत्रातल्याच क्रमानं आणि त्याच अक्षरांत लिहा. आमच्या वहिनीचं नाव आधारवर माहेरचं होतं, ते वेळीच लक्षात आलं म्हणून बरं.

आता पैशाचं. हस्तांतरण फी ५०० रुपये आणि प्रवेश फी १०० रुपये, एवढं ठरलेलं आहे. त्याशिवाय सोसायटी हस्तांतरणाचं अधिमूल्य घेते. लोक त्याला प्रीमियम म्हणतात, आणि नाडले जातात ते इथेच. शासनाच्या ९ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानं याची कमाल मर्यादा गावाप्रमाणे ठरवली आहे: महानगरपालिका क्षेत्रात २५,००० रुपये, अ वर्ग नगरपालिकेत २०,०००, ब वर्गात १५,०००, क वर्गात १०,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५,०००. नागपूरच्या सोसायटीत २५,००० घेतात हे ऐकून लहान गावातल्या कमिट्याही तेवढेच मागतात. आतेभावालाही सचिवांनी सरळ सांगितलं, "सगळीकडे पंचवीसच चालते जी भाऊ, अन् रंगकामासाठी पंधरा वेगळे द्या लागन." आमचं गाव क वर्गाचं. पंचवीस बसतच नाहीत, आणि इमारत निधी, देणगी अशा दुसऱ्या नावानं वरचे पैसे हस्तांतरणासाठी घेताही येत नाहीत.

पण १०,००० ही फक्त मर्यादा आहे. प्रत्यक्ष दर सर्वसाधारण सभेनं ठराव करून ठरवायचा असतो. म्हणून आम्ही लेखी पत्र देऊन ठरावाची प्रत मागितली. इतिवृत्ताच्या वहीत जुन्या सभेचा ८,००० रुपयांचा ठराव निघाला. त्याप्रमाणे ८,००० अधिक ५०० अधिक १०० असे ८,६०० रुपये चेकनं भरले आणि पावती घेतली. कुटुंबातल्या कुटुंबात मोबदल्याशिवाय हस्तांतरण असेल, किंवा वारसाच्या वा नामनिर्देशिताच्या नावावर फ्लॅट येत असेल, तर हे अधिमूल्य लागत नाही.

अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं. सहकार कायद्याच्या कलम २२ प्रमाणे सोसायटीनं अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर अर्जदार सभासद झाला असं मानलं जातं. आमचा अर्ज सोसायटीला १० फेब्रुवारीला मिळाला, म्हणजे मुदत १० मेपर्यंत. सचिवांनी आधी "अध्यक्ष बाहेरगावी आहेत" म्हणून अर्ज हातात घेतलाच नाही. आम्ही त्याच दिवशी तो पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. पोस्टाचाही अर्ज परत आला असता, तर कलम २३ प्रमाणे अर्ज आणि पैसे सहकार खात्याच्या निबंधकांकडे भरता आले असते. तिथून ते ३० दिवसांत सोसायटीकडे जातात, आणि सोसायटीनं पुढच्या ६० दिवसांत काही कळवलं नाही तर सभासदत्व मिळाल्याचं मानलं जातं. अर्ज नाकारला तर कारणांसह लेखी नकार मागून घ्या, कारण निबंधकांकडे अपील त्याच्यावरच करायचं असतं.

आमच्या प्रकरणात कमिटीच्या एप्रिलमधल्या सभेत ठराव झाला. तो झाला म्हणून घरी निघून येऊ नका. सभासदांची वही म्हणजे नमुना 'आय' आणि सभासद यादी म्हणजे नमुना 'जे', या दोन्हींत नाव चढलं का ते पाहा. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतरणाची नोंद, तारीख, सह्या आणि सोसायटीचा शिक्का असायला हवा. आमच्या सर्टिफिकेटवर सगळं होतं, फक्त शिक्का राहिला होता. तो दुसऱ्या दिवशी जाऊन मारून आणला. त्याच बैठकीत नामनिर्देशनाचा अर्जही भरून द्यावा, कारण जुन्या सभासदाचं नामनिर्देशन तुमच्या कामाचं नाही.

सोसायटीतल्या नोंदीनं घरटॅक्स किंवा वीजबिलावरचं नाव बदलत नाही. इंडेक्स टू घेऊन नगर परिषदेच्या कर विभागात, किंवा ग्रामपंचायत असेल तर कराच्या नोंदवहीसाठी म्हणजे नमुना ८ साठी ग्रामपंचायत कार्यालयात, आणि महावितरणच्या कार्यालयात वेगळे अर्ज द्यावे लागतात. आतेभावाचं वीजबिल अजून जुन्या मालकाच्याच नावानं येतं आहे. सोयाबीन निघालं की तो त्या कामाला लागणार आहे.