नवरा-बायकोची लुटुपुटुची भांडणं लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकातली कथा असो की एकांकिका, कुरकुरणारं जोडपं बहुतेकांना लिहावंसं वाटतं. पण बऱ्याचदा भांडण उतरतं आणि माणसं उतरत नाहीत. साताऱ्यातलं साठीपलीकडचं एक काल्पनिक जोडपं घेऊ, सुधाकर आणि नलिनी. ती एक जुडी मेथी आणा म्हणाली होती, तो तीन घेऊन आला. पहिल्या खर्ड्यात संवाद साधारण असा येतो:

"अहो, तीन जुड्या कशाला आणल्या? किती वेळा सांगितलं तुम्हाला!"
"अगं, स्वस्त होती म्हणून आणली."
"तुम्हाला व्यवहारातलं काही कळतच नाही."
"हो, तूच काय ती शहाणी."
"तुमच्याशी लग्न केलं आणि नशीब फुटलं माझं."
"माझं काय वेगळं झालंय?"

इथे तिसऱ्या वाक्यालाच मेथी गायब झाली आहे. विषय हातातल्या जुडीवरून उडून थेट स्वभावावर आणि तिथून नशिबावर गेला. ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती ओळखणं सोपं आहे. शेवटची चार वाक्यं उचलून दुसऱ्या कुठल्याही जोडप्याच्या, दुसऱ्या कुठल्याही भांडणात टाका. तिथेही ती बिनबोभाट बसत असतील, तर ती या दोघांची नाहीत.

दुसरा दोष उत्तरांत आहे. "कशाला आणल्या?" असं विचारलं आणि त्याने कारण सांगितलं. कोर्टात साक्षीदार असं बोलतो. तीस-चाळीस वर्षं एकत्र राहिलेली माणसं विचारलेल्या प्रश्नाला क्वचितच उत्तर देतात. समोरचा पुढे काय म्हणणार हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ती त्या पुढच्या वाक्यालाच उत्तर देऊन मोकळी होतात. तोच प्रसंग पुन्हा लिहून पाहू:

"तीन?"
"पंचवीसला तीन होत्या. एक घेतली असती तर दहा गेले असते."
"म्हणजे पाच वाचवायला पंधरा जास्त घातले."
"ती म्हातारी सकाळपासून बसली होती गं."
"मग तिच्याकडूनच निवडून आणायची."
"मी निवडतो ना. दे इकडे."
"आधी चष्मा आणा. मागच्या खेपेला काड्यांसकट आली होती पातेल्यात."
"कोवळी काडी टाकायची नसते. आई कधी टाकायची नाही."
"आईंकडे काड्या खायला म्हैस होती. इथे मीच आहे."
"..."
"कुठे बसते ती?"
"कोण?"
"म्हातारी."
"पोस्टाच्या कोपऱ्यावर. उन्हात."
"उद्या कोथिंबीर असली तिच्याकडे तर आणा. एकच जुडी."

मेथी शेवटपर्यंत हलली नाही. ती भांडणाचा विषय आहे तशीच दोघांच्या हातातलं कामही आहे, आणि हे काम फार उपयोगी पडतं. भाजी निवडणं, पांघरुणाच्या घड्या घालणं, बॅग भरणं अशा कामात दोघांना जवळ बसावंच लागतं. तोंडाने विरोध चालतो आणि हात एकमेकांना मदत करत राहतात. "मी निवडतो ना" हे त्याचं वाक्य बचावाचं आहे, पण तो खरोखर निवडायला बसतो.

स्वभाव कुठे कळला तेही पाहा. त्याला विकणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्याची त्याला थोडी लाज वाटते, म्हणून तो आधी हिशोब पुढे करतो आणि खरं कारण मागून सांगतो. हा क्रम उलटा केलात, आधी म्हातारी आणि मग पंचवीस रुपये, तर तो नुसता दयाळू माणूस होईल आणि गंमत जाईल. ती हिशोबात पक्की आहे, पण म्हातारीची गोष्ट तिच्या मनात राहिली आहे. हे मी कुठल्याच वाक्यात लिहिलेलं नाही. काही वेळाने तिने "कुठे बसते ती?" असं विचारलं, एवढंच.

इथे एक धोका आहे. बायको कटकटी आणि नवरा बिचारा हा साचा इतका घासला गेला आहे की हात आपोआप तिकडे वळतो. त्यावर माझा साधा उपाय असा: वाद संपल्यावर दोघांच्या बाजूने एकेक खरा मुद्दा निघतो का ते बघायचं. वरच्या प्रसंगात पैशाच्या बाबतीत ती बरोबर आहे आणि म्हातारीच्या बाबतीत तो. एकाच्या पदरात काहीच पडत नसेल, तर तुम्ही संवाद लिहिला नाही, त्या माणसाची थट्टा केली.

सासूचा उल्लेख मुद्दाम ठेवला आहे. प्रेमातल्या भांडणात दोघांना एकमेकांची दुखरी जागा नेमकी माहीत असते आणि ती तिच्या कडेकडेने जातात. नलिनी "आईंकडे" म्हणाली. तिथे "तुमच्या आईकडे" लिहा, बाकी वाक्य तसंच ठेवा आणि मोठ्याने वाचा. टोमणा लगेच बोचरा होतो, आणि पुढची कोथिंबीर खोटी वाटायला लागते. माहेर, मूल नसणं, बुडालेला धंदा या जागांवर एकदा बोट ठेवलं की ते लुटुपुटुचं राहत नाही. कथेला खरा तडा हवा असेल तर जरूर ठेवा, पण मग तो प्रसंग हसण्यावारी नेऊ नका.

हाक मारण्याचंही तसंच. या पिढीत ती "अहो, तुम्ही" म्हणते आणि तो "अगं, तू". आजचं पुण्यातलं तिशीचं जोडपं दोन्हीकडून "तू" आणि नाव वापरतं. जे ठरवाल ते शेवटपर्यंत पाळा आणि एखाद्याच वेळी मोडा. "तू" म्हणणारी बायको अचानक "तुम्ही म्हणाल तसं" म्हणाली, तर वाचकाला पारा कळतो. "विचार तुझ्या बाबांना, जेवणार आहेत का," असं समोर बसलेल्या माणसाबद्दल मुलीला सांगितलं तरी कळतो. दर चार ओळींनी हे केलंत तर कशालाच किंमत राहत नाही.

"ती लटक्या रागाने म्हणाली", "तो गालातल्या गालात हसला" ही वाक्यं मी खर्ड्यातून सरसकट खोडते. खोडल्यावर संवाद कडू वाटू लागला, तर दोष संवादात आहे आणि तो तिथेच दुरुस्त करावा लागतो. बहुतेक वेळा एखादं "गं" किंवा "ना" निसटलेलं असतं. "ती म्हातारी सकाळपासून बसली होती" यात तक्रार ऐकू येते, त्याच वाक्याच्या शेवटी "गं" आलं की विनवणी. मात्र प्रत्येक वाक्याला "गं" आणि "हो" चिकटवले तर दोघं लाडात आल्यासारखी वाटतात. वरच्या पंधरा ओळींत "गं" एकदाच आहे.

शेवटी समेट घडवून आणण्याचा मोह आवरा. "कितीही भांडलो तरी तुझ्याशिवाय करमत नाही" हे वाक्य अशी माणसं सहसा बोलत नाहीत. माघार घ्यायची तर ती नव्या कामाच्या रूपाने येऊ द्या आणि त्यात थोडी अट राहू द्या. "एकच जुडी" मधला "एकच" काढला तर नलिनी हरते. ठेवला तर उद्याच्या भांडणाची सोय होते, कारण सुधाकर दोन आणणार हे वाचकाला आताच माहीत आहे.