कोशर घरी जेवायला जाताना: मटण, दूध आणि हातातला डबा

समजा, ठाण्यातल्या एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू घरी शुक्रवारी रात्रीचं जेवण आहे. घर कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्यापिण्याचे नियम पाळणारं. भाषा मराठी, रश्शाला नारळाचं दूध. हे नारळाचं दूध नुसत्या कोकणी चवीसाठी नाही, मटणाच्या रश्शात दही किंवा साय चालत नाही म्हणूनही आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरा या ज्यू धर्मग्रंथात तीनदा येते. तिच्यावरूनच मांस आणि दूध एकत्र शिजवायचं नाही, खायचं नाही, हा नियम ठरला. कोंबडीही मांसातच धरतात.

स्वयंपाकघर लावताना आधी भांडी वेगळी करा: पातेली, डाव, सुऱ्या, ताटं, भांडी घासायची घासणीसुद्धा. गरम भांडं पदार्थाची चव शोषतं, असं धर्मनियम मानतो, म्हणून नुसतं घासून भागत नाही. दोन रंगांच्या खुणा केल्या की घाईत गोंधळ होत नाही. तरी दुधाचा चमचा उकळत्या मटणात गेलाच, तर चमचा काढून बाजूला ठेवा, पातेलं तसंच राहू द्या आणि जाणत्याला विचारा. चमचा कधी, कशात वापरला होता आणि पातेल्यात किती रस्सा होता, यावर उत्तर ठरतं.

भाज्या, फळं, धान्य, अंडी ‘पार्वे’, म्हणजे दोन्हींबरोबर चालणारी. मासा पार्वेच, पण त्याला पर आणि खवले दोन्ही हवेत. सुरमई चालते, कोळंबी नि खेकडा नाही. मांसानंतर दूध घ्यायला बरेच जण सहा तास थांबतात, काही घराण्यांत कमी. दुधानंतर मांस घ्यायचं तर बहुधा चूळ भरून थोडं थांबलं की झालं.

आता पाहुण्याचं. आपल्याकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून पेढे नेतात, आणि नेमकं इथेच अडतं. मटणाचं जेवण झाल्यावर पेढा त्या रात्री कुणी खाणार नाही. घरच्या पुरणपोळीचं तर आणखी अवघड. तूप दुधाचंच, शिवाय तुमच्या तव्यावर आधी काय भाजलं हे यजमानांना ठाऊक नसतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. त्यात दूध असू शकतं, आणि तो कोशर प्रमाणपत्राची जागा घेत नाही. वाइनही कोशर शिक्क्याचीच लागते.

म्हणून आधी फोन करून विचारा, “जेवण मटणाचं की दुधाचं? काय आणू?” न कापलेली फळं किंवा फुलं नेणं सगळ्यांत सोपं. शब्बाथ, म्हणजे कामं वर्ज्य असलेला आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताआधी सुरू होतो, तेव्हा पिशवी त्याआधी पोचवलेली बरी. पेसाह या सणात खमीर वर्ज्य असतं, म्हणून त्या आठवड्यात पाव, बिस्किटं, केक अजिबात नेऊ नका.

पदार्थ नेलाच, तर बंद पाकीट यजमानांच्या हातात द्या. त्यांच्या ताटात स्वतः वाढू नका, आणि मदतीच्या भरात ओट्यावरचा कुठलाही चमचा उचलू नका.