‘रक्कम जमा झाले’: मधल्या अनेकवचनाला फसू नका

पावसाळा संपला की मराठवाड्यातल्या गावोगावच्या बातम्यांत, ग्रामपंचायतीच्या ठरावांत आणि निवेदनांत असं वाक्य हमखास भेटतं:

‘अतिवृष्टीच्या अनुदानाची रक्कम सोमवारी 312 शेतकऱ्यांच्या बँक खात्यांवर जमा झाले.’

जमा झाली ती रक्कम. रक्कम स्त्रीलिंगी, एकवचनी. म्हणून ‘झाली’ हवं. पण ‘रक्कम’ लिहून झाल्यावर क्रियापदापर्यंत पोचेतो मध्ये शेतकरी आले, खाती आली, 312 हा आकडा आला. शेवटी हात त्या गर्दीकडे बघून ‘झाले’ लिहितो.

मराठीत ही चूक ओळखायला एक पक्की खूण आहे. क्रियापद जुळतं ते प्रत्यय न लागलेल्या नामाशी. ज्या नामाला ‘-ने, -ला, -वर, -त, -चा’ असा प्रत्यय किंवा ‘सह, सोबत, पैकी, वगळता’ असा शब्द चिकटला, ते क्रियापदाचं रूप ठरवत नाही. वरच्या वाक्यात ‘अतिवृष्टीच्या’, ‘अनुदानाची’, ‘शेतकऱ्यांच्या’, ‘खात्यांवर’ ही सगळी नामं प्रत्यय लागून बदललेली आहेत. ‘सोमवारी’ नुसती वेळ सांगतं. मोकळं उरतं ते एकच नाम, ‘रक्कम’. पेन्सिलीने प्रत्यय लागलेली नामं खोडत गेलात तर उत्तर आपोआप समोर येतं: ‘रक्कम जमा झाली’.

शाळेत ‘काय जमा झालं?’ असा प्रश्न विचारून शब्द शोधायला शिकवतात. शोधायला तो ठीक आहे, पण ‘काय’ स्वतःच नपुंसकलिंगी रूप ओढून आणतं आणि तेच कानात राहतं. म्हणून उत्तर मिळालं की ते नाम क्रियापदाच्या अगदी शेजारी ठेवून एकदा मोठ्याने म्हणा. ‘रक्कम जमा झाले’ असं कुणाचीच जीभ म्हणणार नाही.

ही चूक नजरेतून सुटते याचं मोठं कारण ‘-ले’ हे रूप आहे. लेखी मराठीत ‘गेले’ हे पुल्लिंगी अनेकवचन आहे (‘मजूर गेले’) आणि नपुंसकलिंगी एकवचनही आहे (‘पीक गेले’). बोलताना आपण ‘पीक गेलं’ म्हणतो, त्यामुळे फरक ऐकू येतो. कागदावर तो पुसला जातो. शंका आली की वाक्य बोलीत म्हणून बघा. ‘लं’ही बसत नसेल आणि पुल्लिंगी अनेकवचनाचं ‘ले’ही बसत नसेल, तर रूप चुकलंय.

सगळ्यात जास्त घोळ ‘सह’ करतो. ‘उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह पुलावरून कोसळल्या.’ ‘गोठा चार म्हशींसह जळून खाक झाल्या.’ ट्रॉल्या आणि म्हशी अर्थाने घटनेत आहेत, म्हणूनच लिहिणाऱ्याला चूक वाटत नाही. पण ‘सह’ने त्यांना बाजूला केलंय. ट्रॅक्टर कोसळला, गोठा खाक झाला. म्हशी दगावल्याचं ठळक सांगायचं असेल तर ‘गोठा जळाला आणि चार म्हशी दगावल्या’ अशी दोन क्रियापदं करा. तेच जास्त स्पष्ट. नाहीतर ‘सह’चा तुकडा वाक्याच्या सुरुवातीला न्या: ‘दोन ट्रॉल्यांसह उसाचा ट्रॅक्टर पुलावरून कोसळला.’ नाम आणि क्रियापद जवळ आले की चुकायला जागाच उरत नाही.

इथे एक अडचण आहे. ‘सरपंच पाच सदस्यांसह तहसीलला गेले’ हे वाक्य बरोबर आहे, पण सदस्यांमुळे नाही. ते सरपंचांसाठीचं आदरार्थी अनेकवचन आहे. अशा वाक्यावरून ‘सह आलं की अनेकवचन’ असा नियम मनात बसतो आणि पुढे गोठ्याला लागतो. ‘सरपंच व सदस्य गेले’ मध्ये मात्र दोन्ही नामं मोकळी आहेत, तिथे अनेकवचन खरंच हवं.

दुसरी जागा ‘-ने’च्या वाक्यांची. ‘तलाठ्यांनी पंचनामा तीन गावांतील शेतकऱ्यांच्या उपस्थितीत केले.’ काम करणारे तलाठी, पण त्यांना ‘-नी’ लागलाय; शेतकरी आणि गावंही बांधलेली. मोकळा आहे पंचनामा, म्हणून ‘केला’. म्हणजे ‘कर्ता कोण’ असं विचारून इथे भागत नाही, मोकळं नामच शोधावं लागतं.

आणि मोकळं नाम सापडलंच नाही तर? ‘पोलिसांनी आंदोलकांना ताब्यात घेतले.’ पोलिसांना ‘-नी’, आंदोलकांना ‘-ना’. मग क्रियापद कुणाशीच जुळत नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात राहतं. हे ‘घेतले’ म्हणजे बोलीतलं ‘घेतलं’. आंदोलक महिला असल्या तरी ‘महिलांना ताब्यात घेतले’ असंच लिहायचं, ‘घेतल्या’ नाही.