मराठी-हिंदी-इंग्रजी चॅटबॉट: संभाषण अडकतं ते इथे, या चुका टाळा

तीन भाषांचा चॅटबॉट करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी इंग्रजीत फ्लो काढतात आणि मग त्यातली वाक्यं मराठी-हिंदीत करून घेतात. फ्लोच्या चौकटी तिन्ही भाषांत तशाच चालतात. घोळ होतो तो चौकटींच्या मधल्या जागेत: भाषा ओळखताना, होकार-नकार वाचताना आणि काहीच कळलं नाही तेव्हा बॉट काय बोलतो तिथे. उदाहरणासाठी ऑर्डरची डिलिव्हरी सांभाळणारा बॉट घेऊ. ग्राहकाने लिहिलं आहे: `kal order ali nahi`.

देवनागरी दिसली की हिंदी, रोमन दिसली की इंग्रजी

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. वरच्या वाक्यात चार शब्द आहेत. `order` तिन्ही भाषांत चालतो. `kal` आणि `nahi` मराठीतही लिहितात आणि हिंदीतही. मराठी असल्याचं सांगणारा शब्द एकच आहे, `ali`. लिपी बघून भाषा ठरवणारा बॉट इथे इंग्रजीत उत्तर देणार आणि पहिल्याच पावलाला ग्राहक चिडणार.

लिपीपेक्षा खुणेचे शब्द जास्त भरवशाचे असतात. मराठीसाठी आहे, नाही, मला, कुठे, कधी, पाहिजे, नको, झालं, आली. हिंदीसाठी है, नहीं, मुझे, कहाँ, कब, चाहिए, हुआ. प्रत्येकाची रोमन रूपं सोबत ठेवा, तीही एकच नव्हे: `ahe`, `aahe`, `ahey` असं सगळं येतं. देवनागरीत 'ळ' दिसला तर मराठीच्या बाजूने वजन टाका, कारण प्रमाण हिंदीत तो वापरत नाहीत. `nahi`, `kal`, `cancel`, `order`, `ok` हे शब्द मात्र कुठल्याच यादीत घालू नका. रोमनमधल्या `nahi` वरून मराठी की हिंदी ते कळत नाही, आणि तो मराठीच्या यादीत टाकला तर निम्मे हिंदी ग्राहक मराठी ठरतील.

याची उलटी चूक म्हणजे प्रत्येक मेसेजला भाषा नव्याने ठरवणं. मराठीत छान बोलणं चाललेलं असतं, बॉट ऑर्डर नंबर मागतो, ग्राहक `ok 452310` टाकतो आणि पुढचं उत्तर इंग्रजीत येतं. म्हणून भाषा संभाषणाच्या स्थितीत साठवून ठेवा. भाषा अजून ठरलीच नसेल तर एका खुणेवरून अंदाज बांधायला हरकत नाही. एकदा ठरली की दुसऱ्या भाषेच्या किमान दोन खुणा एकाच मेसेजमध्ये आल्याशिवाय, किंवा ग्राहकाने स्वतः 'हिंदी में बात करो' असं म्हटल्याशिवाय ती बदलू नका. खूणच नसेल तर आहे ती भाषा चालू ठेवायची.

रोमनमध्ये लिहिणाऱ्याला उत्तरही रोमनमध्ये द्यावं का, यावर बराच वाद असतो. आमचं मत 'नको' असं आहे. रोमन मराठीला ठरलेलं शुद्धलेखन नाही, त्यामुळे बॉटची वाक्यं वाचायला अवघड होतात. टाइप करायला रोमन सोपी वाटते म्हणून वापरणारे बरेच जण देवनागरी सहज वाचतात. उत्तर देवनागरीत द्या आणि भाषा बदलायचं बटण हाताशी ठेवा.

'हो' पकडायला नेहमीचा रेजेक्स

पुष्टीच्या प्रश्नावर ग्राहक साधं 'हो' लिहितो आणि बॉट म्हणतो, 'मला समजलं नाही'. पायथनमध्ये हे करून बघा:

```
re.search(r"\bहो\b", "हो")     # None
re.search(r"\bहो\b", "होते")   # जुळतं!
```

नेमकं उलटं घडतं. `\b` ही शब्दाची सीमा `\w` वरून ठरते, आणि पायथनचं `re` अक्षरांना `\w` मानतं, पण मात्रांना मानत नाही. त्यामुळे 'हो' मधली मात्रा शब्दाबाहेरची ठरते आणि तिच्यानंतर वाक्य संपलं तरी सीमा सापडत नाही. 'होते' मध्ये मात्रेनंतर 'त' येतो, तिथे मात्र सीमा सापडते. जावास्क्रिप्टमध्ये नुसत्या देवनागरी मजकुरात `\b` जुळतच नाही. उपाय साधा आहे: मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांवर मजकूर तोडा आणि सुटे शब्द यादीशी ताडून बघा.

```
words = [w for w in re.split(r"[\s,.!?।]+", text.lower()) if w]
YES = {"हो", "होय", "हाँ", "हां", "ho", "haan", "yes"}
is_yes = 0 < len(words) <= 2 and words[0] in YES
```

दोन शब्दांची मर्यादा मुद्दाम घातली आहे. 'हो, पण पत्ता बदला' हा निव्वळ होकार नाही, तो मेसेज पुढे हेतू, म्हणजे ग्राहकाला काय हवं आहे ते, ओळखणाऱ्या भागाकडे जायला हवा.

असाच एक छुपा दोष आकड्यांचा. ग्राहकाने ४५२३१० असं देवनागरीत लिहिलं तर पायथनचं `\d` ते ओळखतं, जावास्क्रिप्टचं ओळखत नाही. मेसेज आत येताच देवनागरी आकडे 0 ते 9 मध्ये बदलून घ्या, म्हणजे पुढे कुठेही विचार करावा लागत नाही.

नको तिथे विचारणं, हवं तिथे न विचारणं

आता `kal` कडे येऊ. मराठी 'काल' म्हणजे होऊन गेलेला दिवस. हिंदी 'कल' मागचाही असतो आणि पुढचाही. रोमनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून `kal` दिसला की प्रश्न विचारायचा, असं बरेच जण ठरवतात आणि बॉट उगाच चौकस होतो. आधी क्रियापद बघा. `ali nahi` भूतकाळ आहे, तेव्हा कालचाच दिवस. विचारायची गरज नाही. `kal ki delivery` मध्ये क्रियापदच नाही, तिथे विचारा. आज बुधवार 12 तारीख असेल तर प्रश्न असा:

> कोणत्या दिवसाच्या डिलिव्हरीबद्दल विचारताय?
> [मंगळवार, 11] [गुरुवार, 13]

बटणावर तारीख आणि वार घाला, 'काल' किंवा 'कल' नको. नाहीतर तोच गोंधळ पुन्हा समोर येतो. 'परवा' आणि 'परसों' हेही दोन्ही दिशांना चालतात, त्यांनाही हाच नियम लावा.

खुलासा विचारताना नकारार्थी प्रश्न टाळा. 'ऑर्डर रद्द करायची नाही ना?' यावर 'हो' आलं तर रद्द करायची की ठेवायची? एक ग्राहक त्यातून 'हो, नाही करायची' म्हणतो, दुसरा 'हो, करा' म्हणतो. बटणावर 'रद्द' एवढाच शब्द असेल तर तोही फसवतो, कारण ऑर्डर रद्द करायच्या फ्लोमध्ये ग्राहकाला वाटू शकतं की हे बटण प्रश्नातून मागे जायचं आहे. 'ऑर्डर रद्द करा' आणि 'ऑर्डर राहू द्या' असं पुरतं लिहा.

लिहिताना लांबी मोजा. व्हॉट्सअ‍ॅपवर एका मेसेजला जास्तीत जास्त तीन उत्तर-बटणं आणि प्रत्येकावर 20 कॅरेक्टर मिळतात, आणि मात्रा व हलन्त वेगळे मोजले जातात. 'डिलिव्हरीची तारीख बदला' डोळ्यांना आखूड दिसतं, पण ते 22 भरतं. 'तारीख बदला' 10 मध्ये बसतं.

सगळ्या अडचणींना एकच 'मला समजलं नाही'

बॉट अडला त्याची तीन वेगळी कारणं असतात: काहीच कळलं नाही, दोन अर्थांत गोंधळ झाला, किंवा कळलं पण ते काम बॉटला येत नाही. तिन्हीला एकच वाक्य दिलं की ग्राहक तेच तेच वेगवेगळ्या शब्दांत लिहीत बसतो.

चॅटबॉट बनवायचं रासा हे फ्रेमवर्क वापरत असाल तर पहिल्या दोन कारणांसाठी `FallbackClassifier` मध्ये दोन मर्यादा असतात:

```
- name: FallbackClassifier
  threshold: 0.3
  ambiguity_threshold: 0.1
```

सर्वांत वरच्या हेतूचा गुण 0.3 पेक्षा कमी आला किंवा पहिल्या दोघांतलं अंतर 0.1 पेक्षा कमी असलं, तर फॉलबॅक, म्हणजे न कळल्यावरचं ठरलेलं उत्तर, लागतो. अडचण अशी की दोन्ही वेळा निकाल `nlu_fallback` हाच येतो. समजा 'ऑर्डर रद्द'ला 0.46 आणि 'पैसे परत'ला 0.41 मिळाले. इथे बॉटला बरंच कळलेलं आहे, तरी तो 'समजलं नाही' म्हणेल. म्हणून अ‍ॅक्शनमध्ये `intent_ranking` ही हेतूंची क्रमवारी वाचा. `nlu_fallback` त्यात सर्वांत वर जाऊन बसतो, तेव्हा खरे उमेदवार दुसऱ्या आणि तिसऱ्या जागी सापडतात. ते दोघे जवळजवळ असतील आणि वरचा 0.3 च्या पुढे असेल तर त्यांचीच दोन बटणं दाखवा. शिवाय मराठीची उदाहरणवाक्यं इंग्रजीपेक्षा कमी असतील तर मराठीचे गुण खाली राहतात. मर्यादा खाली ओढण्याआधी उदाहरणं वाढवून बघा, आणि त्यात रोमन व मिश्र वाक्यं घाला.

खरोखर काही कळलं नसेल तर फॉलबॅक पायऱ्यांनी द्या. पहिल्यांदा काय लिहायचं त्याचा नमुना दाखवा, दुसऱ्यांदा तीन बटणं द्या, तिसऱ्यांदा माणसाकडे सोपवा. पहिल्या पायरीची तीन भाषांतली वाक्यं अशी:

```
mr: हे नीट कळलं नाही. असं लिहून बघा: "ऑर्डर 452310 कुठे आहे?"
hi: यह बात समझ नहीं आई। ऐसे लिखकर देखें: "ऑर्डर 452310 कहाँ है?"
en: Sorry, I didn't get that. Try: "Where is order 452310?"
```

मराठी-हिंदी वाक्यात 'मी समजू शकलो' किंवा 'समझ नहीं पाया' असं आलं की बॉट स्त्री की पुरुष, हा प्रश्न उभा राहतो. 'कळलं नाही', 'समझ नहीं आई' अशा रचनेत तो येतच नाही.

फॉलबॅक किती वेळा आला ते मोजणारा काउंटर कधी शून्यावर आणायचा, इथे बऱ्याच फ्लोंमध्ये गडबड असते. भाषा बदलली म्हणून तो शून्यावर आणला तर चिडून मराठीतून इंग्रजीत गेलेला ग्राहक पुन्हा पहिल्या पायरीला येतो. फ्लो खरोखर एक पाऊल पुढे सरकला तरच शून्य करा. आणि बॉट ऑर्डर नंबरची वाट बघत असताना 'नंबर कुठे मिळेल?' असं आलं तर तो फॉलबॅक नाही, त्याच पायरीवरचा प्रश्न आहे. उत्तर द्या आणि नंबर पुन्हा मागा, मुख्य मेनूवर फेकू नका. माणसाकडे सोपवताना ठरलेली भाषा, ऑर्डर नंबर आणि ग्राहकाचे शेवटचे दोन-तीन मेसेज सोबत जाऊ द्या.

चूक नेमकी कुठे आहे हे कसं ओळखायचं

प्रत्येक हेतूसाठी एकच वाक्य सहा रूपांत चाचणीला ठेवा: मराठी देवनागरी, मराठी रोमन, हिंदी देवनागरी, हिंदी रोमन, इंग्रजी आणि मिश्र. फक्त रोमन रूपं पडत असतील तर उदाहरणवाक्यांत रोमन कमी आहे. देवनागरीत दिसायला सारखेच दोन शब्द, पण एक जुळतो आणि दुसरा नाही, असं झालं तर एन्कोडिंग तपासा. 'दुसऱ्या' मधला र एकजण `U+0931` ने टाइप करतो, दुसरा साध्या र ला हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर लावून. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशनने हे दोन एक होत नाहीत, बदलणारा नियम तुम्हालाच लिहावा लागतो. आणि लॉगमध्ये हेतू बरोबर पण उत्तराची भाषा चुकलेली दिसली, तर मॉडेलला हात लावू नका. साठवलेली भाषा कुठल्या मेसेजला बदलली ते शोधा. बहुतेक वेळा तिथे एखादा `ok` किंवा नुसता आकडा सापडेल.